चौदा ओळींची आरती

सोसायटीच्या गणपतीपुढे आरती सुरू झाली की पहिल्या कडव्यात आवाज भरपूर असतो. दुसऱ्या कडव्यात तो निम्म्यावर येतो आणि तिसऱ्यात ध्वनिक्षेपक तेवढा गात राहतो. मुले ध्रुपद येण्याची वाट पाहत टाळ्या वाजवतात, ध्रुपद आले की जिवाच्या आकांताने ओरडतात आणि पुन्हा गप्प होतात. वृद्ध मंडळींना शब्द पाठ असतात, पण ध्वनिमुद्रित आरतीचा वेग त्यांच्या श्वासाला झेपत नाही. ओळ संपण्याआधी पुढची ओळ येऊन आदळते; मग ओठ हलत राहतात, स्वर थांबतो. हे दृश्य इतके सर्वत्र आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे.

पुण्यातील मार्केट यार्डाच्या परिसरातील एका चार मजली सोसायटीत हेच होत असे. बिऱ्हाडे बत्तीस. निम्मी मराठी, दहाबारा गुजराती व मारवाडी जैन व्यापारी कुटुंबे, उरलेली कानडी व हिंदी भाषक. पाच दिवसांचा गणपती तळमजल्यावरील वाहनतळात बसे. आरतीस माणसे येत. पण गात कोणी नसे. एका वर्षी ध्वनिक्षेपक ऐन आरतीत बंद पडला आणि जमलेल्या पन्नास माणसांत पुढचे कडवे उचलून धरणारे तीनच आवाज निघाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरील निवृत्त मराठी शिक्षिकेकडे चिटणीस गेले व म्हणाले, “बाई, सगळ्यांना म्हणता येईल अशी एखादी छोटी आरती तुम्हीच लिहून द्या. पुढच्या वर्षी यंत्र लावायचेच नाही.”

बैठकीत यावर मतभेद झाला. एका ज्येष्ठ सभासदाचे म्हणणे असे की आरती संतांनी लिहावी आणि आपण म्हणावी. सोसायटीच्या बैठकीत ठराव करून आरती लिहिली जात नसते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेलेल्या शब्दांना जी झिलई चढते ती नव्या शब्दांना कोठून यावी? शेवटी असे ठरले की समर्थ रामदासांची म्हणून घरोघरी परिचित असलेली गणपतीची आरती पहिली राहील, तिच्यामागोमाग ही नवी आरती होईल आणि मग प्रार्थना व मंत्रपुष्पांजली. शंकर, देवी, विठ्ठल यांच्या आरत्या विसर्जनाच्या आदल्या दिवशी सवडीने म्हणाव्यात. जुने काढायचे नाही, एकाची भर घालायची, एवढ्यावर तो सभासदही राजी झाला.

बाईंनी पहिला मसुदा एका रात्रीत लिहिला. त्यात विघ्नविनाशक होते, गजवदन होते, ऋद्धिसिद्धिनायक होते. कागदावर तो रुबाबदार दिसे. तो घेऊन त्यांनी सोसायटीतील पाच-सहा मुलांना आणि तितक्याच आजी-आजोबांना एकत्र बसवले आणि एकेक ओळ म्हणून घेतली. मुलांच्या तोंडी “विग्नविनाशक” आले. कोणी मधला “वि” गिळला. खालच्या मजल्यावरचे आजोबा कवळी काढून बसले होते. त्यांच्या “ऋद्धिसिद्धि”तून नुसती वाफ निघाली. जोडाक्षरात जीभ एका जागेवरून दुसरीकडे झटक्यात न्यावी लागते. सात वर्षांच्या मुलाला ते अजून नीट जमत नाही, ऐंशी वर्षांच्या माणसाला ते जमेनासे झालेले असते. दोन टोकांच्या या दोन वयांची अडचण एकच आहे हे त्या संध्याकाळी बाईंच्या लक्षात आले आणि तो कागद त्यांनी बाजूला ठेवला. नव्या मसुद्यासाठी त्यांनी स्वतःला घातलेली पहिली अट अशी की जोडाक्षर येऊ द्यायचे नाही. मराठीत ही अट वाटते तितकी सोपी नाही. “तुझ्या”, “आमच्या”, “त्याला” असे रोजचे शब्दसुद्धा दारातच अडतात.

दुसरी अट मापाची. टाळीवर म्हणायची रचना असेल तर अक्षरे मोजून चालत नाही, मात्रा मोजाव्या लागतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार असलेल्या अक्षराच्याही दोन. बाईंनी आठ अधिक आठ अशी सोळा मात्रांची ओळ घेतली. मराठी छंदःशास्त्रात तिला पादाकुलक म्हणतात, आणि तिची सोय अशी की केरव्याचा ठेका नेमका आठ मात्रांचा असतो. म्हणजे अर्ध्या ओळीला ठेक्याचे एक आवर्तन, पूर्ण ओळीला दोन. ज्याला संगीतातले काही कळत नाही त्याचीही टाळी आपोआप योग्य जागी पडते. “ओवाळू या” हे चार दीर्घ, म्हणजे आठ मात्रा. “गणरायाला” यात ग आणि ण यांची एकेक, रा-या-ला यांच्या दोन-दोन, म्हणजे पुन्हा आठ. शब्दही तेथेच संपतो आणि श्वासही तेथेच घेता येतो. वृद्धांना श्वासाची ही जागा फार मोलाची. आठ मात्रांनंतर शब्द मधेच तुटत असेल तर त्यांना श्वास घ्यावा की शब्द पुरा करावा हे सुचत नाही, आणि त्या गोंधळात ते मागे पडतात.

माप चुकले तर काय होते याचा पाठही तालमीतच मिळाला. दुसऱ्या मसुद्यात एक ओळ होती: “वाहन इवले या उंदराचे”. पहिला अर्धा भाग बरोबर आठ मात्रांचा. दुसऱ्या अर्ध्यात या दोन, उं दोन, द एक, रा दोन, चे दोन, बेरीज नऊ. एका मात्रेने काय बिघडणार, असे वाटते. पण तालमीत मुलांनी “उंदराचे” भराभर उरकून टाळी साधली, वृद्धांनी शब्द पुरा म्हटला आणि टाळी हुकवली. पुढच्या ओळीची सुरुवात दोन निरनिराळ्या क्षणी झाली आणि कडवे संपेपर्यंत ते दोन प्रवाह काही एकत्र आले नाहीत. हिशेबाच्या वहीत एक रुपयाची चूक बेरजेत शेवटपर्यंत वाहत जाते, तसाच हा प्रकार. ओळखण्याची खूणही सोपी आहे: आरती चालू असताना डोळे मिटून केवळ टाळ्या ऐकाव्यात. जेथे एका टाळीच्या दोन टाळ्या ऐकू येऊ लागतात, त्याच्या आधीच्या ओळीत मात्रा कमी वा जास्त झालेली असते.

ती ओळ गेली, पण उंदीर वगळणे शक्य नव्हते. मुलांचा तो अर्धा गणपती. नव्या ओळीत तो “उंदिर” असा ऱ्हस्व होऊन आला. व्याकरणाप्रमाणे तो दीर्घ हवा, परंतु तसा लिहिला तर तेथेही नऊ मात्रा होतात. पद्यात कवीला ही मुभा परंपरेनेच दिलेली आहे, म्हणून “जणू”चे “जणु” आणि “उजळून”चे “उजळुन” झाले. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने शुद्धलेखनाच्या चुका म्हणून त्यांवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. बाईंनी तिला मात्रा मोजायला शिकवले आणि मग तिनेच त्या खुणा खोडून टाकल्या.

अखेर ठरलेली आरती अशी:

ओवाळू या गणरायाला
वाहू अपुले बोल तयाला ॥

सोंड वाकडी, कान सुपाचे
डोळे इवले किती कृपेचे
मोदक हाती, उंदिर पायी
हसून पाही जणु की आई ॥

दारोदारी दिवा लागला
जिना जिना हा उजळुन गेला
आजी गाते, नातू गातो
टाळीवर मग देव डोलतो ॥

खरे बोलणे ओठी राहो
तोल खरा अन् माप खरे हो
चुकले ते ते पोटी घालू
सोबत सारे पुढती चालू ॥

चौदा ओळींत एकही जोडाक्षर नाही. “अन्”मधील पाय मोडका न तेवढा राहिला आहे, आणि तो कोणाला अडला नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी आ, ई, ए, ओ, ऊ यांपैकी एक दीर्घ स्वर आहे. हे मुद्दाम केलेले आहे. ओळ ऱ्हस्व अक्षरावर संपली तर समूहाचा आवाज तेथे तुटतो. दीर्घ स्वरावर तो क्षणभर टेकतो आणि मागे राहिलेल्यांना गाठ घालायला वेळ मिळतो. यमके साधी, जोडीजोडीने आहेत. वाकडे, कोड्यात टाकणारे यमक वाचताना बरे वाटते. पण ज्या आजींना चष्म्याशिवाय कागद दिसत नाही त्यांना पहिल्या ओळीचा शेवट ऐकून दुसरीचा शेवट सुचला पाहिजे. “गातो” ऐकल्यावर “डोलतो” ओठांवर येते. “तयाला” हा एकच शब्द मुलांना परका होता. तो ठेवावा की नाही यावर बाई दोन दिवस अडखळल्या. “त्याला” म्हटले तर जोडाक्षर येते आणि एक मात्रा तुटते. मुलांना तो जुन्या गोष्टीतला शब्द म्हणून सांगितला आणि त्यांनी तो निमूट घेतला. मुलांना एखादा न कळणारा शब्द चालतो, पाच चालत नाहीत.

तिसऱ्या कडव्याचा इतिहास थोडा मोठा आहे. मूळ मसुद्यात तेथे धन नको, मान नको अशा धर्तीची ओळ होती. किराणा भुसाराच्या एका घाऊक व्यापाऱ्याने ती वाचून सरळ विचारले, “बाई, दिवाळीत आम्ही वहीपूजन करतो, लक्ष्मीला बोलावतो. मुलांच्या तोंडून देवासमोर धन नको असे का म्हणवायचे? खोटे होईल ते.” त्यांचे म्हणणे रास्त होते. आरतीत वैराग्याचे शब्द स्वस्त असतात. पन्नास माणसे ते म्हणतात आणि सकाळी दुकान उघडतात. दुकान उघडणाऱ्या माणसाला ज्याची खरोखर गरज आहे ते मागावे, असे ठरले आणि “तोल खरा अन् माप खरे हो” ही ओळ आली. यार्डात ज्यांचा दिवस काट्यासमोर जातो त्यांना ती उमजायला अर्थ सांगावा लागला नाही. पुढे ती ओळ आली की दोन-तीन व्यापारी एकमेकांकडे पाहून हसत आणि जरा मोठ्याने म्हणत.

शेवटच्या दोन ओळींचे श्रेय दुसऱ्या मजल्यावरील बांना. सोसायटीतील सर्वजण त्यांना बाच म्हणतात. वय ब्याऐंशी. मराठी त्यांना समजते, बोलतातही. मसुद्यात त्या जागी पुढील ओळी होत्या:

चुकले ते ते पोटी घाली
देवा अमुची तूच सावली

मात्रा बरोबर, यमक ठीक, भावही नेहमीचा. बांनी तालमीत त्या दोनदा म्हटल्या आणि म्हणाल्या, “बाई, चूक मी शेजारणीची केली, तर ती पोटात घालायचे देवाला कशाला सांगायचे? ते तिने घालायचे, मी घालायचे.” पर्युषणाचे दिवस होते. भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या सुमारास संवत्सरी येते आणि गणपतीही त्याच सुमारास बसतो, हे या सोसायटीत दरवर्षीचे. प्रतिक्रमणानंतर घरोघरी “मिच्छामि दुक्कडम्” म्हणत फिरणाऱ्या बांना क्षमा ही मागण्याची आणि देण्याची गोष्ट माणसामाणसांतली आहे, एवढेच सांगायचे होते. बाईंनी “घाली”चा “घालू” केला. एका स्वराचा फरक. पण त्याने क्षमा देवाकडून माणसांकडे आली आणि पुढची ओळ संपूर्ण बदलावी लागली. आणखी एक गोष्ट घडली. देवाकडे मागणे मागायला ज्या जैन घरांना संकोच वाटे, त्यांनाही ती ओळ मोकळेपणाने म्हणता आली.

ही ओळ तेथे म्हणायला सर्वांनाच सोपी होती असे मात्र नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरील दोन कुटुंबांत न्हाणीघरातून झिरपणाऱ्या पाण्यावरून दोन वर्षे बोलणे बंद होते; पत्रव्यवहार समितीमार्फत चाले. दोन्ही घरची मुले तालमीला शेजारी बसत. वडीलमंडळी आरतीला येऊ लागली ती मुलांना ऐकायला, आणि वाहनतळाच्या दोन टोकांना उभी राहत. शेवटचे कडवे आले की एक जण चपला शोधू लागे. हे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी त्यांचा धाकटा मुलगा सर्वांसमोर म्हणाला, “पप्पा, अजून एक कडवं आहे.” ते थांबले. गायले की नाही ते कोणी पाहिले नाही. पाण्याचा प्रश्न पुढे दिवाळीनंतर नळ कारागिराने भिंत फोडून सोडवला, खर्च निम्मा निम्मा झाला. त्याचे श्रेय आरतीला देण्याचे कारण नाही.

शब्दांनंतर चालीकडे वळावे लागले, आणि येथे खरी गफलत होणार होती. पेटी वाजवणाऱ्या काकांनी हौसेने बांधलेली पहिली चाल ध्रुपदातच तार षड्जावर जाई. एकट्याने म्हटली तर ती सुरेख होती. समूहात मात्र “गणरायाला”शी येताच पुरुष मध्येच खालच्या सप्तकात उतरत, वृद्ध स्त्रिया थांबत आणि मुले किंचाळत. कारण सरळ आहे. वयाबरोबर स्त्रियांचा आवाज खाली सरकतो, वरचे स्वर आधी जातात. लहान मुलांचा आवाज वरच्या बाजूला असतो आणि खालच्या स्वरांना त्यात बळ नसते. दोघांना एकत्र सुखाने लावता येतील असे स्वर मोजके असतात, साधारण पाच. काकांनी षड्ज पांढरी एकवर धरला आणि सा ते प एवढ्यातच सारी चाल बसवली. पुरुष तेच स्वर एक सप्तक खाली म्हणतात, त्यांचा प्रश्न उरत नाही. कोमल स्वर घेतले नाहीत. नवशिक्या समूहात ते हमखास घसरतात. ध्रुपदाची चाल पुढीलप्रमाणे, प्रत्येक खूण एका मात्रेची, आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवणे:

सा – रे – ग – ग – । ग ग म – ग – रे –
रे – ग – म म ग – । रे – रे ग रे – सा –

पहिली ओळ रे वर थांबते, म्हणजे कानाला अजून काही यायचे आहे असे वाटते. दुसरी सा वर येऊन बसते. कडव्यांच्या पहिल्या व तिसऱ्या ओळी प वरून उतरतात, दुसऱ्या व चौथ्या ध्रुपदाच्या दुसऱ्या ओळीसारख्याच आहेत. म्हणजे शिकायच्या चाली तीनच. काकांना ही चाल प्रथम फार बाळबोध वाटली. चौथ्या तालमीला पेटी बंद करून त्यांनी नुसते ऐकले. सारे जण पेटीशिवाय सुरात होते. त्यानंतर ते चालीबद्दल काही बोलले नाहीत.

वेळेचा हिशेब बाईंच्या यजमानांनी केला. मात्रेला अर्धा सेकंद धरला तर एका ओळीला आठ सेकंद. ध्रुपद आरंभी एकदा आणि प्रत्येक कडव्यानंतर एकदा, म्हणजे चार वेळा. त्याच्या आठ ओळी आणि कडव्यांच्या बारा, एकूण वीस ओळी. एकशे साठ सेकंद, म्हणजे दोन मिनिटे चाळीस सेकंद. आरतीचे तबक धरण्याचा मान सोसायटीत सर्वांत वडील माणसाला असे. पेटती निरांजने असलेले तबक दोन-अडीच मिनिटे फिरवणे त्यांच्या मनगटाला जमण्यासारखे होते, पाच मिनिटे नव्हते. यापेक्षा चौथे कडवे न लिहिण्याचे दुसरे कारण शोधावे लागले नाही.

तालमी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चार झाल्या, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांच्या. पहिल्या दिवशी फक्त ध्रुपद. दुसऱ्या दिवशी पहिले कडवे, पण कागद न देता: आजी मंडळींनी एक ओळ म्हणायची, मुलांनी ती परत म्हणायची. कागद हाती असला की मुले कागदाकडे पाहतात, एकमेकांचे ऐकत नाहीत. तिसऱ्या दिवशी उलट केले. मुले पुढे, आजी मागे. मुलांचे पाठांतर झपाट्याने होते हे सर्वांना ठाऊक असते, पण वृद्धांना नवे काव्य पाठ व्हायला वेळ लागतो हे मान्य करायला त्यांना स्वतःलाच लाज वाटते. अशी पाळीपाळीने म्हणण्याची पद्धत असली की विसरलेला शब्द समोरून आपोआप येतो आणि विचारण्याचा कमीपणा राहत नाही. प्रत्यक्ष आरतीतही प्रत्येक कडव्याच्या पहिल्या दोन ओळी ज्येष्ठांनी, पुढच्या दोन मुलांनी आणि ध्रुपद सर्वांनी, अशी वाटणी ठेवली. “आजी गाते, नातू गातो” ही ओळ त्यामुळे नातवंडांच्या वाट्याला आली. ती म्हणताना त्यांची नजर आपोआप आजीकडे वळे.

ळ चा उच्चार हिंदी भाषक घरांतील मुलांना जड गेला. “ओवालू” आणि “टाली” ऐकू येई. गुजराती आणि मारवाडी मुलांच्या घरच्या बोलीत ळ असल्याने त्यांना तो प्रश्न नव्हता. बाईंनी कोणाला दुरुस्त केले नाही. चार दिवस शेजारच्याचे ऐकून निम्म्या मुलांचा ळ आपोआप आला, उरलेल्यांचा नाही आला.

कागदाचीही एक गोष्ट. पहिल्या छपाईत जागा वाचवण्यासाठी कडव्यांनंतर “॥धृ॥” एवढेच छापले होते. मुलांना ती खूण म्हणजे काय ते कळेना; एकाने ती “धृ” अशीच गाऊन दाखवली. मग ध्रुपद चारही ठिकाणी पूर्ण छापले, अक्षर ठळक व मोठे केले आणि सारे एका पानावर आणले. मागे पान उलटावे लागले की वृद्धांच्या हातून ते सुटते आणि तेवढ्यात ओळ निघून जाते.

वेळ हाच सर्वांत अवघड मुद्दा ठरला. पूर्वी आरती रात्री साडेआठला होई. चौविहार पाळणाऱ्या घरांना तेव्हा प्रसाद घेता येत नसे, आणि दिवसभराच्या प्रतिक्रमणादी नियमांत ती वेळ बसत नसे. बा इतकी वर्षे गच्चीतूनच हात जोडत. शिवाय रात्री दिव्यावर पाखरे झेप घेतात, तेही त्यांना पाहवत नसे. भाद्रपदात पुण्याला सूर्यास्त साडेसहाच्या पुढेमागे होतो. आरती सहाला ठेवली तर प्रसादही दिवसाउजेडी वाटता येतो. पण नोकरदार मंडळी तोवर घरी पोचत नाहीत. बराच खल झाल्यावर पहिल्या दिवशी व रविवारी सायंकाळी सहा आणि उरलेल्या दिवशी सकाळी साडेसात, असे ठरले. सकाळी मुले शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीवर, आणि आजोबा फिरून आलेले. दोन मिनिटे चाळीस सेकंदांच्या आरतीमुळेच ते शक्य झाले. आधीची वीस मिनिटांची पूर्ण माळ सकाळच्या घाईत कोणी म्हटली नसती.

तिसऱ्या दिवशी एक गडबड लक्षात आली. आरती दोन मिनिटांत संपू लागली. मुले टाळीचा वेग वाढवत होती आणि झांज वाजवणारा चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्यापुढे धावत होता. टाळ्यांच्या समूहगायनात वेग अनेकदा वाढतो, आणि वाढवणारे वाद्य बहुधा झांजच असते. त्या मुलाला न दुखवता झांज आजोबांकडे दिली आणि त्यांनी ती आठ मात्रांतून एकदाच, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर वाजवावी असे ठरले. मुलाला शंख मिळाला. वेग दुसऱ्या दिवशी जाग्यावर आला.

पाचव्या दिवशी विसर्जन अंगणातील हौदात झाले. गणपती वाहनतळातून हौदापर्यंत नेताना नुसते ध्रुपद म्हटले. आठ मात्रांना चार पावले, या हिशेबाने ते चालीशी जुळले. बा खुर्चीवर बसून होत्या आणि गाता गाता हाताने गुडघ्यावर ठेका धरत होत्या. नंतर समितीने आरतीचे कागद गोळा केले, पुढच्या वर्षी उपयोगी पडावेत म्हणून. साठ छापले होते, एकेचाळीस परत आले. बाईंनी यादीत तशी नोंद केली आणि आणखी वीस छापायला सांगितले.